उद्रेक तपासणी अहवाल

उद्रेक तपासणी अहवाल म्हणजे एखाद्या ठिकाणी ठरावीक काळात नेहमीपेक्षा अधिक रुग्ण आढळल्यास त्यामागील कारण शोधण्यासाठी केलेल्या क्षेत्रीय तपासणीचा लेखी वृत्तान्त होय. सामाजिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य म्हणून असा अहवाल लिहावा लागतो. रुग्णव्याख्या, साथवक्र आणि गृहीतकाची मांडणी हे त्याचे तीन मुख्य घटक आहेत. रुग्ण कोणाला म्हणावयाचे हे व्याख्येने ठरते, व्याख्येत बसणारे रुग्ण वक्रात मोजले जातात आणि वक्राच्या आकारावरून गृहीतक सुचते. पहिल्या पायरीवरील चूक त्यामुळे शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचते.

बीड जिल्ह्यातील मामला या गावी १९९४ साली झालेला गाठीच्या प्लेगचा उद्रेक हे या तिन्ही घटकांचे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण आहे. या लेखात त्याच उदाहरणाच्या आधारे विवेचन केले असून, आकडेमोडीसाठी अमेरिकेतील ओस्वेगो येथील १९४० च्या विषबाधेचा उपयोग केला आहे.

## पार्श्वभूमी: मामला, १९९४

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठी जीवितहानी झाली. त्याची धास्ती शेजारच्या बीड जिल्ह्यातही पसरली. मामला येथील लोक घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागले आणि साठवलेले धान्य बंद घरांतच राहिले, असे नंतरच्या तपासण्यांत नोंदवले गेले. माणसांचा वावर नसलेल्या घरांत धान्य खाऊन उंदरांची संख्या वाढली. पुढे लोक घरी परतले. ऑगस्ट १९९४ मध्ये गावात पिसवांचा उपद्रव जाणवू लागला आणि उंदीर मरून पडू लागले. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ अशी लक्षणे असलेले रुग्ण आढळले.

भारतात त्यापूर्वीचे प्लेगचे मानवी रुग्ण १९६६ साली नोंदवले गेले होते. जवळजवळ तीन दशके हा आजार दिसला नसल्यामुळे त्याचे रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेले डॉक्टर आणि त्याचे जंतू ओळखण्याचा सराव असलेल्या प्रयोगशाळा थोड्याच उरल्या होत्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुजरातमधील सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण जाहीर झाले आणि देशभर घबराट पसरली. जागतिक आरोग्य संघटनेला कळवलेल्या माहितीनुसार, रक्तचाचणीत प्लेगविरोधी प्रतिपिंडे आढळलेल्या संशयित रुग्णांची संख्या देशात ६९३ होती व त्यांपैकी ५६ जण मरण पावले. या ६९३ पैकी ४८८ रुग्ण महाराष्ट्रातील होते.

या आकड्यांचा नेमका अर्थ काय, याविषयी पुढे बराच वाद झाला. त्या वादाच्या मुळाशी रुग्णव्याख्येचा प्रश्न होता.

## रुग्णव्याख्या

रुग्णव्याख्या म्हणजे एखाद्या व्यक्तीची त्या उद्रेकातील रुग्ण म्हणून गणना करावी की नाही, हे ठरवणारी लेखी कसोटी. डॉक्टरने रुग्णाचे केलेले निदान हे उपचारासाठी असते. रुग्णव्याख्या मोजणीसाठी असते. उपचार करणारा डॉक्टर प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत स्वतंत्र विचार करू शकतो, पण मोजणी करणाऱ्या सर्वांनी एकच माप वापरले नाही तर एका गावाची दुसऱ्या गावाशी किंवा एका आठवड्याची दुसऱ्या आठवड्याशी तुलनाच करता येत नाही.

व्याख्येत चार गोष्टी असाव्या लागतात: लक्षणे किंवा चाचणीचा निष्कर्ष, काळ, स्थळ आणि व्यक्ती. मामल्यासारख्या उद्रेकासाठी ती पुढीलप्रमाणे लिहिता येईल. हा अधिकृत मजकूर नसून केवळ नमुना आहे:

> १ ऑगस्ट १९९४ पासून पुढे, मामला गावात किमान एक रात्र राहिलेल्या कोणत्याही वयाच्या व्यक्तीस अचानक ताप आला असेल आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ आली असेल, तर ती व्यक्ती संशयित रुग्ण समजावी.

यातील प्रत्येक शब्दाला काम आहे. 'अचानक' या शब्दाने अनेक आठवडे हळूहळू वाढणाऱ्या क्षयाच्या गाठी वगळल्या जातात. 'दुखरी' या शब्दाने न दुखणाऱ्या जुन्या गाठी वगळल्या जातात. 'किमान एक रात्र राहिलेल्या' असे म्हटल्यामुळे उद्रेकाच्या काळात गावी येऊन गेलेला पाहुणा मोजणीतून सुटत नाही. पहिला रुग्ण आढळण्याच्या थोडे आधीपासून काळ धरल्यामुळे आरंभीचे, न ओळखलेले रुग्ण शोधता येतात.

### संशयित, संभाव्य आणि निश्चित

एकच व्याख्या एकाच वेळी सैल आणि काटेकोर असू शकत नाही. सैल व्याख्येत खरे रुग्ण सहसा सुटत नाहीत, पण दुसऱ्या आजाराचे लोकही आत येतात. काटेकोर व्याख्येत चुकीची भरती कमी होते, पण काही खरे रुग्ण बाहेर राहतात. यावर उपाय म्हणून व्याख्येचे स्तर केले जातात. केवळ लक्षणे जुळणारा तो संशयित, लक्षणांच्या जोडीला चाचणीचा आधार किंवा निश्चित रुग्णाशी संबंध असलेला तो संभाव्य आणि प्रयोगशाळेने सिद्ध केलेला तो निश्चित रुग्ण होय.

प्लेगच्या बाबतीत गाठीतील द्रवातून किंवा रक्तातून *यर्सिनिया पेस्टिस* हा जंतू वाढवून ओळखला गेल्यास रुग्ण निश्चित ठरतो. त्याचप्रमाणे आजाराच्या आरंभी आणि काही आठवड्यांनी घेतलेल्या रक्ताच्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट किंवा अधिक बदललेले आढळल्यासही तो निश्चित समजतात. एकाच नमुन्यात प्रतिपिंडे आढळली तर त्या व्यक्तीचा जंतूशी कधीतरी संबंध आला असावा, एवढेच फार तर म्हणता येते. सध्याचा ताप त्याच जंतूमुळे आला आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

१९९४ च्या आकड्यांची अडचण इथेच होती. ते ६९३ रुग्ण 'प्रतिपिंडे आढळलेले संशयित' होते. सर्वांच्या बाबतीत जंतू वाढवून दाखवलेला नव्हता. अनेकांना तपासणीपूर्वीच टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके मिळाली होती. ते उपचार आवश्यकच होते, पण त्यांमुळे नमुन्यातून जंतू वाढण्याची शक्यता कमी होते. शिवाय जांघेतील गाठ हे एकट्या प्लेगचे लक्षण नाही. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या पायाला जखम होऊन ती चिघळली तरी जांघेत दुखरी गाठ येते आणि तापही येतो. ग्रामीण मराठवाड्यात पावसाळ्यात असे रुग्ण दरवर्षीच असतात. गाठीचा बोलबाला झाला की एरवी दवाखान्यात न येणारे हे लोकही तपासणीला येतात आणि सैल व्याख्येत बसतात.

या कारणांमुळे ही साथ प्लेगची नव्हतीच, असे मतही काही तज्ज्ञांनी मांडले. पुढे सुरत आणि बीड येथील नमुन्यांतून मिळालेल्या जंतूंचा रेण्वीय अभ्यास झाला व ते *यर्सिनिया पेस्टिस* असल्याचे प्रसिद्ध झाले. साथीत प्लेगचा जंतू होता, हे त्यामुळे स्पष्ट झाले. मात्र संशयितांपैकी नेमक्या किती जणांना प्लेग झाला होता, हा वेगळा प्रश्न आहे आणि जंतू ओळखल्याने त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणूनच अहवालात संशयित, संभाव्य आणि निश्चित रुग्णांचे आकडे वेगवेगळे द्यावे लागतात. त्यांची एकच बेरीज देणे दिशाभूल करणारे ठरते.

### व्याख्येतील एक वारंवार होणारी चूक

विद्यार्थ्यांच्या अहवालांत आढळणारी एक चूक म्हणजे ज्या कारणाचा संशय आहे तेच व्याख्येत घालणे. 'महाप्रसाद घेतल्यानंतर उलट्या-जुलाब झालेली व्यक्ती' अशी व्याख्या केली, तर प्रत्येक रुग्णाने महाप्रसाद घेतलेलाच असणार. मग सर्व रुग्णांनी तो घेतला होता या निष्कर्षाला काही किंमत राहत नाही. महाप्रसाद न घेताही आजारी पडलेली माणसे असतील, तर ती मोजणीतून आधीच वगळली गेलेली असतात. अशा वेळी 'अमुक तारखेपासून अमुक गावात चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झालेली व्यक्ती' अशी व्याख्या करून महाप्रसादाचा प्रश्न पुढे सर्वांना, आजारी आणि निरोगी अशा दोघांनाही, विचारावा लागतो.

## रुग्णयादी आणि लोकसंख्या

व्याख्या ठरल्यावर घरोघरी फिरून रुग्णयादी तयार केली जाते. तिच्यात प्रत्येक रुग्णासाठी एक ओळ असते आणि वय, लिंग, वस्ती, लक्षणे सुरू झाल्याचा दिवस, पाण्याचा स्रोत, प्रवास, नमुन्याचा निकाल अशा बाबी त्या ओळीत येतात. केवळ दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबल्यास दूरच्या वस्तीवरचे, सौम्य आजाराचे आणि खाजगी डॉक्टरकडे गेलेले रुग्ण सुटतात.

रुग्णसंख्येला लोकसंख्येने भागल्याशिवाय धोक्याची तुलना होत नाही आणि बीड जिल्ह्यात हा भाजकच अवघड असतो. बीड तालुक्यातील चौसाळा आणि त्याच्या आसपासच्या गावांत क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याला हे लगेच जाणवते. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. जनगणनेत एखाद्या तांड्याची लोकसंख्या ४०० असेल, पण जानेवारीत तेथे प्रत्यक्षात १६० माणसेच असतील, तर ८ रुग्णांचा लागणदर २ टक्के नसून ५ टक्के होतो. (हे आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत.) उरलेल्यांत वृद्ध आणि लहान मुले अधिक असतात. म्हणून वयोगटाप्रमाणे दर काढताना जनगणनेतील वयोरचनाही वापरता येत नाही. घरभेटीत त्या दिवशी उपस्थित असलेली माणसे मोजावी लागतात.

## साथवक्र

साथवक्र हा आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर नव्या रुग्णांची संख्या दाखवणारा स्तंभालेख असतो. काळ अखंड असल्यामुळे त्यातील स्तंभ एकमेकांना चिकटून काढतात. ज्या दिवशी एकही रुग्ण नाही त्या दिवसाची जागा रिकामी दिसली पाहिजे. ती गाळल्यास वक्राचा आकारच बदलतो.

आडव्या अक्षावर लक्षणे सुरू झाल्याचा काळ घ्यावयाचा असतो. नोंद झाल्याचा किंवा रुग्णालयात दाखल झाल्याचा दिवस घेतल्यास आजाराऐवजी यंत्रणेची हालचाल दिसते. मामल्याच्या संदर्भात याचा अर्थ असा: आरोग्य पथक गावात पोहोचले त्या दिवशी आधीच्या दोन आठवड्यांतील सर्व रुग्ण एकदम नोंदवले जातात. नोंदीच्या तारखेने वक्र काढला तर त्या दिवशी मोठा उंचवटा दिसतो आणि सर्वांना एकाच वेळी लागण झाल्याचा भास होतो. वर्तमानपत्रांतील बातम्यांनंतर तपासणीला येणाऱ्यांची गर्दी वाढली की असाच दुसरा उंचवटा उमटतो. त्यामुळे पथक केव्हा आले, बातमी केव्हा आली आणि प्रतिजैविके केव्हा वाटली, या तारखा वक्रावर बाणांनी दाखवण्याची पद्धत आहे.

स्तंभाची रुंदी किती वेळाची असावी हे आजाराच्या परिपाक काळावरून ठरते. जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ म्हणजे परिपाक काळ. या काळाच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढी रुंदी उपयुक्त ठरते. गाठीच्या प्लेगचा परिपाक काळ बहुधा दोन ते सहा दिवसांचा असतो, म्हणून एका दिवसाचा स्तंभ योग्य होय. आठवड्याचा स्तंभ घेतला तर सगळा तपशील एकाच ठोकळ्यात बुडून जातो. काही तासांत दिसणाऱ्या विषबाधेसाठी एक तासाचा स्तंभ लागतो. आजार माहीत नसेल तर वेगवेगळ्या रुंदीचे दोन-तीन वक्र काढून पाहिले जातात.

### आकारावरून काय कळते

एकाच वेळी, एकाच स्रोतातून लागण झाली असेल तर वक्र झपाट्याने चढतो आणि त्याहून थोडा सावकाश उतरतो. पहिल्या आणि शेवटच्या रुग्णातील अंतर साधारण एका परिपाक काळात मावते. दूषित विहिरीचे पाणी अनेक दिवस वापरात राहिले तर उंचवट्याऐवजी पठार दिसते. माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीत एका परिपाक काळाच्या अंतराने एकामागून एक, बहुधा वाढत जाणारे, उंचवटे येतात.

गाठीच्या प्लेगमध्ये लागण उंदरावरील पिसवांमुळे होते. एका गाठीच्या रुग्णाकडून दुसऱ्याला ती सहसा होत नाही. त्यामुळे येथे वक्र विस्कळीत आणि लांबलेला अपेक्षित असतो: काही दिवस एखाद-दुसरा रुग्ण, मध्येच खंड, पुन्हा काही रुग्ण. कोणत्या घरात उंदीर केव्हा मेले यावर तो अवलंबून असतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसऱ्या उंदरांकडे किंवा माणसाकडे वळतात, म्हणून उंदीर पडल्याच्या नोंदी रुग्णांच्या आधीच्या असाव्या लागतात. एकाच वक्राखाली उंदीर पडल्याच्या तारखाही मांडल्या तर हा क्रम डोळ्यांना दिसतो. याउलट, एकाच घरातील माणसे दोन-तीन दिवसांच्या अंतराने खोकला, रक्तमिश्रित थुंकी आणि धाप घेऊन आजारी पडू लागली, तर आजार फुप्फुसात शिरून माणसाकडून माणसाला पसरू लागल्याचा संशय घ्यावा लागतो आणि उपाययोजनाही बदलतात.

## गृहीतकाची मांडणी

गृहीतक म्हणजे तपासता येईल असे विधान. 'गावात अस्वच्छता होती म्हणून आजार झाला' हे गृहीतक नव्हे, कारण ते खोटे ठरण्याची सोय त्यात नाही. गृहीतकात स्रोत, लागणीचा मार्ग आणि धोका असलेला गट यांचा उल्लेख हवा. मामल्याबाबत ते असे मांडता येते: 'बंद घरांतील धान्यसाठ्यामुळे वाढलेल्या उंदरांत प्लेग पसरला, ते उंदीर मेल्यावर त्यांच्यावरील पिसवांनी घरात परतलेल्या माणसांना दंश केला, म्हणून ज्या घरांत उंदीर पडले त्या घरांत रुग्ण अधिक असतील.'

या विधानातून तीन अपेक्षा निघतात व प्रत्येक पडताळता येते. पहिली, उंदीर पडलेल्या आणि न पडलेल्या घरांतील लागणदर वेगळे असले पाहिजेत. दुसरी, सापळ्यात पकडलेल्या उंदरांवर पिसवांची संख्या जास्त असली पाहिजे. मोजलेल्या पिसवांना तपासलेल्या उंदरांच्या संख्येने भागून पिसू निर्देशांक काढतात. *झेनोप्सिला चिओपिस* या जातीचा निर्देशांक एकापेक्षा अधिक असणे धोक्याचे मानले जाते. तिसरी, उंदरांच्या शरीरात जंतू किंवा त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली पाहिजेत. तिन्ही गोष्टी जुळल्या तर गृहीतक बळकट होते. पहिलीच अपेक्षा फोल ठरली, तर पायाच्या जखमा किंवा अन्य तापाचा पर्याय पुन्हा विचारात घ्यावा लागतो.

बीडनंतर काही आठवड्यांतच सुरतची साथ उद्भवल्यामुळे मजुरांच्या प्रवासातून प्लेग बीडहून सुरतला गेला, असाही तर्क मांडला गेला. एक घटना दुसरीच्या आधी घडली एवढ्यावरून संबंध सिद्ध होत नाही. त्यासाठी आजाराच्या परिपाक काळात बीडहून निघून सुरतला पोहोचलेला आणि तेथे इतरांना लागण करू शकेल असा रुग्ण दाखवावा लागतो. अशी साखळी दुव्यागणिक दाखवता येत नसेल, तर अहवालात तिचा उल्लेख 'शक्यता' म्हणूनच करावा.

## गृहीतकाची पडताळणी: ओस्वेगोचे उदाहरण

गृहीतकाची आकड्यांनी पडताळणी कशी होते, हे शिकवण्यासाठी जगभर वापरले जाणारे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील ओस्वेगो परगण्याचे आहे. तेथे १८ एप्रिल १९४० रोजी चर्चच्या सामुदायिक भोजनानंतर अनेकांना मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू झाले. जेवलेल्या सुमारे ८० जणांपैकी ७५ जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांपैकी ४६ आजारी होते.

बहुतेकांना जेवणानंतर तीन ते सात तासांत लक्षणे दिसली. एवढ्या अल्प परिपाक काळावरून अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा, विशेषतः स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाचा, संशय आला. वक्रात एक रुग्ण मात्र इतरांपासून दूर होता. त्या बालकाला दुपारी तीन वाजताच, म्हणजे संध्याकाळचे जेवण सुरू होण्यापूर्वीच, त्रास झाला होता. चौकशीत कळले की त्याने सकाळी अकरा वाजता आइस्क्रीम खाल्ले होते. दोन्ही वेळांतील अंतर चार तासांचे, म्हणजे इतरांइतकेच होते. वक्राच्या मुख्य उंचवट्यापासून दूर असलेला रुग्ण चुकीची नोंद समजून गाळला जातो. इथे त्यानेच कारणाकडे बोट दाखवले.

यानंतर प्रत्येक पदार्थ खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या अशा दोन्ही गटांचा लागणदर काढला गेला. दोन पदार्थांची तुलना पुढीलप्रमाणे आहे:

| पदार्थ | खाल्लेले: आजारी / एकूण | लागणदर | न खाल्लेले: आजारी / एकूण | लागणदर |
|---|---|---|---|---|
| भाजलेले हॅम | २९ / ४६ | ६३ टक्के | १७ / २९ | ५९ टक्के |
| व्हॅनिला आइस्क्रीम | ४३ / ५४ | ८० टक्के | ३ / २१ | १४ टक्के |

हॅम खाल्लेल्यांत ६३ टक्के आजारी पडले, एवढेच पाहिले तर हॅमवर आळ येईल. पण ते न खाल्लेल्यांतही जवळजवळ तेवढेच आजारी आहेत, म्हणजे हॅम खाण्या-न खाण्याने फारसा फरक पडला नाही. आइस्क्रीमच्या बाबतीत खाल्लेल्यांतील दर न खाल्लेल्यांच्या सुमारे साडेपाच पट आहे आणि ४६ रुग्णांपैकी ४३ जणांनी ते खाल्ले होते. दोषी पदार्थ ओळखताना या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: खाल्लेल्यांत दर जास्त, न खाल्लेल्यांत कमी आणि बहुतेक रुग्णांचे स्पष्टीकरण त्याच पदार्थाने होणे.

आइस्क्रीम न खाताही तिघे आजारी पडले आणि खाऊनही अकरा जण बरे राहिले. यामुळे गृहीतक मोडत नाही. काहींना आपण काय खाल्ले ते नीट आठवत नाही, एकाच चमच्याने वाढताना पदार्थ एकमेकांत मिसळतात, विष सर्व भागांत सारखे पसरलेले नसते आणि एखाद्याला त्याच दिवशी दुसऱ्याच कारणाने त्रास झालेला असू शकतो. अहवालात असे अपवाद लपवायचे नसतात. त्यांची शक्य ती कारणे नमूद करायची असतात.

याच पद्धतीने मामल्यात 'आइस्क्रीम खाल्लेले' याऐवजी 'उंदीर पडलेल्या घरात राहणारे' हा गट घेता येतो. चौसाळा परिसरात उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली तर टँकरचे पाणी, विहिरीचे पाणी आणि हातपंपाचे पाणी पिणारे असे गट पडतात. एकच कुटुंब दोन-तीन ठिकाणचे पाणी पीत असल्यास गट स्पष्ट राहत नाहीत. म्हणून 'कोणते पाणी पिता?' एवढे न विचारता लक्षणांपूर्वीच्या तीन दिवसांत, शेतावरील पाण्यासह, कोठले पाणी प्यायले हे विचारावे लागते.

## अहवालाची मांडणी

अहवालाचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो: उद्रेकाची खबर कशी व केव्हा मिळाली, तो उद्रेकच आहे हे कशावरून ठरवले, रुग्णव्याख्या, रुग्ण शोधण्याची रीत, काळ-स्थळ-व्यक्तीनुसार वर्णन, गृहीतक, त्याची पडताळणी, प्रयोगशाळेचे व परिसराच्या पाहणीचे निष्कर्ष, केलेल्या उपाययोजना, मर्यादा आणि शिफारशी. उद्रेक आहे की नाही हे त्याच गावातील मागील वर्षांच्या त्याच महिन्याच्या आकड्यांशी तुलना करून ठरते. भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाखाली आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा चाचणीवरून स्वतंत्र माहिती कळवतात. ही तीन माहितीपत्रके रुग्णव्याख्येच्या स्तरांशी मिळतीजुळती आहेत आणि तुलनेसाठी त्यांचाच आधार घेतला जातो.

नियंत्रणाचे उपाय तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबवले जात नाहीत. विहिरीवर संशय असल्यास तिचे शुद्धीकरण लगेच केले जाते. प्लेगचा संशय असल्यास रुग्णांना व त्यांच्या संपर्कातील माणसांना प्रतिजैविके दिली जातात. घरांत कीटकनाशकाचा वापर उंदीर मारण्याच्या आधी करावा लागतो. हा क्रम उलटा झाल्यास मेलेल्या उंदरांवरील भुकेल्या पिसवा माणसांवर येतात आणि उद्रेक वाढू शकतो.

## मर्यादा

साथवक्रात रुग्णसंख्या घटल्याचे दिसले म्हणून उपाय यशस्वी झाला, असे म्हणता येत नाही. उपाय सुरू होण्यापूर्वीच वक्र उतरू लागलेला असतो, असे अनेकदा घडते. उपायाच्या तारखेनंतर एक परिपाक काळ उलटल्यावर घट दिसली, तरच तिचे श्रेय त्या उपायाला देण्यास आधार मिळतो. लहान गावातील उद्रेकात रुग्णसंख्याच कमी असल्यामुळे दोन गटांतील फरक योगायोगाचाही असू शकतो. उशिरा सुरू झालेल्या तपासणीत नमुने मिळत नाहीत आणि माणसांच्या आठवणीही पुसट होतात.

मामला येथील तपासणीवर या सर्व मर्यादांची छाया होती. उद्रेकाच्या पहिल्या दिवसांत प्रतिजैविक देण्यापूर्वी गाठीतील द्रवाचा नमुना घेणे, आरंभीचे आणि नंतरचे अशी रक्ताच्या नमुन्यांची जोडी जपणे आणि सर्व जिल्ह्यांत एकच स्तरबद्ध रुग्णव्याख्या वापरणे, या तीन गोष्टी झाल्या असत्या तर संशयितांपैकी किती जणांना प्लेग झाला होता, याचे अधिक नेमके उत्तर देता आले असते.